कलर बदलल्याबद्दल गिऱ्हाइकांना

आमच्या महाडात केस कुणीच काळे करत नाही. ते आपोआप काळे राहतात. कुणी म्हणतं सावित्री नदीच्या पाण्याचा गुण, कुणी म्हणतं घरच्या खोबरेलाचा, तर कुणी छाती पुढे काढून सांगतं, "आमच्या घराण्यातच पांढरे केस नाहीत." मी बाजारपेठेत दोन खुर्च्यांचं सलून चालवतो. ही सगळी घराणी महिन्यातून एकदा माझ्याकडे येऊन, गळ्याला टॉवेल गुंडाळून, दाराकडे पाठ करून बसतात. कुणी भर दुपारी येतं, बाजार जेवायला गेल्यावर. कुणी सकाळी अर्ध्या शटरखालून वाकून आत शिरतं. मी प्रत्येकाची वेळ अशी बांधून दिली होती की एकाला दुसरा दिसता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि अशा मुठी माझ्याकडे पुष्कळ होत्या.

त्यातल्याच दोन मुठींची ही गोष्ट. एक आमचे शेठ, भांड्यांचे व्यापारी. दुसरे पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, मुंबईत एका कँटीनमध्ये आयुष्य काढून गावी परतलेले. त्यांना मी मामा म्हणतो, नातं काही नाही, पण माझ्या वडलांच्या हातून दाढी करून घेतलेला माणूस. गेल्या साली शेठच्या मुलाचं आणि मामांच्या लेकीचं जमलं. जमल्यावर दोघांनी मला वेगवेगळं गाठलं. शेठ म्हणाले, "व्याह्यांचे केस बघितलेस? या वयात! आपले निदान तेवढे तरी दिसले पाहिजेत." मामा म्हणाले, "शेठचं डोकं बघलंस रे? नुसता कोळसा. बाजूला उभा राह्यलो तर मी त्यांचा बाप दिसन." आता काय सांगू! दोघांना एकाच पाकिटातली काळी पावडर, एकाच वाटीत कालवून, मीच लावत होतो, आणि दोघे एकमेकांवर जळत होते. मला मोठी गंमत वाटायची.

मग तारीख काढायला शेठकडची मंडळी वाडीवर जायची ठरली. मामा दोन दिवस आधी येऊन केस काळे करून गेले. दुसऱ्या दिवशी टाळूला खाज सुटली. मंडळी दारात आली त्या सकाळी मामांचे दोन्ही डोळे मिटलेले, कपाळ सुजलेलं, कानांवरून पाणी गळतंय. शेठ घाबरले. म्हणाले, "अहो, हे काय झालं?"

मामांना उत्तर द्यायला क्षणही लागला नाही. "गांधीलमाशी," म्हणाले.

शेठ माणूस तसा दिलदार. व्याह्यांना चावते म्हणजे काय! बरोबर आणलेली माणसं कामाला लावली, घरामागच्या फणसावर पोळं सापडलं, बांबूला चिंध्या बांधून पेटवल्या आणि पोळं जाळलं. ते पोळं बिचारं कित्येक वर्षं तिथं होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जाता जाता माश्यांनी शेठच्या मेहुण्याला धरलं. त्याचा चेहरा मामांच्या चेहऱ्यासारखाच सुजला, त्यामुळे पुरावाही पक्का झाला. तारीख निघाली. मेहुणा एका डोळ्याने पेढा शोधत होता म्हणे.

संध्याकाळी मामा टेम्पोतून माझ्या दुकानात आले, काळा चष्मा आणि डोक्यावर पंचा. पंचा काढला. माझ्या हातून झालं होतं ना ते! दुकान तसंच टाकून मी त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, काळ्या पावडरीत, काळ्या मेंदीत, बऱ्याचशा काळ्या कलरांत एक रसायन असतं, त्याचं हे काम. मी म्हटलं, "पण हे इतकी वर्षं लावतायत!" ते म्हणाले, "असंच होतं. शरीर सोसतं, सोसतं, आणि एक दिवस ओळख धरतं. मग कधीच विसरत नाही. पुन्हा लावलंत तर याहून वाईट होईल, श्वासावरही येऊ शकतं." मी विचारलं, अमोनिया नसलेला आणला तर? ते म्हणाले, "अमोनियाचा वास जातो, हे रसायन जातंच असं नाही. डब्यामागचं वाचत जा." आणि मामांना सांगितलं, "तुम्हाला मात्र सौम्यसुद्धा नको. त्या रसायनाचे भाऊबंदही तुम्हाला त्रास देतील."

मामा बाहेर येऊन पायरीवर बसले. "म्हंजे लग्नात मी असाच?" एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी जुनी पाकिटं सगळी फेकली. डब्यामागची बारीक अक्षरं वाचून, ते रसायन नसलेला, अमोनिया नसलेला क्रीम कलर मागवला. आणि गिऱ्हाइकांना कळायला पाहिजे म्हणून आरशाशेजारी लावायला सूचना लिहायला बसलो. इथून माझे भोग सुरू झाले.

पहिली सूचना मी रागात लिहिली. "आपल्या एका गिऱ्हाइकाचं थोबाड सुजून भोपळा झालं, तेव्हा आता पुरे." बायकोने वाचली आणि म्हणाली, "ही सूचना आहे की भांडण?" तरी मी ती लावली. तासाभरात मामांचा फोन. कुणीतरी कळवलं होतं. "अरे बाबा, एक गिऱ्हाईक म्हंजे कोण, असं सगली इचारतायत. उतरव ती. पोरीचं लगीन हाय माजं." मी उतरवली.

मग मी अक्कल चालवली. कुणाचं नाव नको, तर स्वतःवरच घेऊ. तसा कलर लावून लावून माझ्याही बोटांना खाज सुटतेच, खोटं काहीच नव्हतं. लिहिलं, "जुन्या कलरमुळे माझ्या हातांच्या कातडीला त्रास झाल्याने आपण सौम्य कलर वापरणार आहोत." झालं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सकाळी पहिलं गिऱ्हाईक वाचून उठलंच. "दाढी उद्या करतो," म्हणालं आणि समोरच्या दुकानात जाऊन बसलं. दुसऱ्याने हात मागे करून लांबूनच विचारलं, "पसरतंय का?" एका म्हाताऱ्याने नाते गावाहून कडुलिंबाचा पाला आणून दिला, पण केस कापून घ्यायला काही बसला नाही. मी दोन्ही पंजे नाचवत प्रत्येकाला दाखवतोय, "बघा! आहे का काही? बघा तरी!" आणि लोक मागे सरकतायत. बायको हसून हसून काऊंटरला टेकली होती. मला इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडलो. मग तिने पेन हातात घेतलं.

तिसरी सूचना आम्ही दोघांनी मिळून लिहिली. ती अजून माझ्या भिंतीवर आहे:

"आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांस,

आजपासून आपल्याकडे काळी पावडर आणि काळी मेंदी लावली जाणार नाही. त्याऐवजी सौम्य क्रीम कलर. कारण असं, की गडद काळेपणा ज्याने येतो ते रसायन एखाद्याच्या कातडीला सोसत नाही. वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस सोसत नाही. तो दिवस कोणता, हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही.

नवा कलर कावळ्यासारखा काळा होणार नाही. वेळ जास्त घेईल, लवकर उतरेल, हट्टी पांढरे केस थोडे दिसतील. याबद्दल माझ्याशी भांडू नये.

सौम्य म्हणजे कुणालाच त्रास नाही, असं समजू नये. म्हणून आधी कानामागे एक ठिपका लावू. दोन दिवस तो धुवायचा नाही. खाज, लाली, फोड आलं तर कलर नाही. ठिपका मंगळवारी, कलर गुरुवारी.

ज्याला एकदा सूज येऊन गेली आहे त्याला कुठलाच कलर लावणार नाही, ओळख कितीही जुनी असो.

पांढरे झालात तरी चालेल. येत राहा."

शेवटची ओळ बायकोची. मंगळवार आणि गुरुवार माझे. या दोन वारी निम्मं गाव डोक्याला कात्री लावू देत नाही, खुर्च्या मोकळ्या असतात, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर दोन दिवस होतात. मला वाटलं, काय डोकं चाललंय माझं!

सूचना सगळ्यांनी वाचली. शेजाऱ्यासाठी. "आपल्याला काय करायचंय, पण आमच्या बाजूला एक आहेत, त्यांना सांगतो हां," असं म्हणत एकेक जण कान पुढे करून बसला. फक्त दासगावचे ट्रकवाले चाचा मोठ्याने हसले. त्यांची दाढी मेंदीने लालभडक असते. "आम्ही लावतो ते उघड लावतो भाई," म्हणाले, "आणि पाला घरचा वाटलेला. तुम्ही बसा कान झाकून."

ठिपक्यांनी मात्र गावात धमाल उडवली. कानामागचा काळा ठिपका म्हणजे आपल्याकडे काय? तीट! दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या पोराला लावतात ती. कापडवाल्या काकांच्या आईने साठीच्या लेकाच्या कानामागे तीट पाहिली आणि विचारलं, "तुला रे बाबा कुणाची नजर लागतेय?" त्यांच्या बायकोने विचारलं ते वेगळं. तिला, ती लावली कुणी, हे जाणून घ्यायचं होतं. काकांना शेवटी खरं सांगावं लागलं, आणि घरात कळलं की बाई नाही, न्हावी आहे, तेव्हा सगळ्यांनी देवाला नारळ ठेवला. त्याहून गंमत म्हणजे ठिपकेवाले एकमेकांना ओळखायला लागले. एस.टी. स्टँडवर, चहाच्या गाडीवर, बँकेच्या रांगेत. एक जण मान वळवायचा, दुसऱ्याचं लक्ष कानामागे जायचं, आणि दोघेही एकदम हवापाण्याबद्दल बोलायला लागायचे.

एवढं सगळं होत असताना मामा टोपी घालून फिरत होते. सूज उतरली होती. मुळातून पांढरे केस वर आले होते, टोकं काळी. मी त्यांना सांगितलं, बारीक कापून टाकू, छान दिसेल. ते ऐकेनात. "मेंदी लाव मग चाचांसारखी." मी म्हटलं, "घरचा पाला असेल तर चालेल, पण केशरी होईल." ते म्हणाले, "म्हंजे मांडवात सगली बोलतील, पोरीचा बाप पेटलाय." आणि निघून गेले. मला खरी भीती वाटत होती ती वेगळीच. काळं पाकीट कुठल्याही दुकानात मिळतं. हा माणूस लग्नाच्या हट्टापायी घरी जाऊन ते डोक्याला फासेल, आणि वाडीवरून दवाखान्यात आणेपर्यंत त्याचा श्वास पुरेल का, हे मला कळत नव्हतं. मी रोज फोन करायचो. ते रोज म्हणायचे, "नाय लावत रे बाबा." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा आवाज.

लग्न रविवारी. आधीच्या गुरुवारी शेठ माझ्या खुर्चीत होते. ठिपक्याला खाज-लाली काही आली नव्हती, कलर लावून झाला होता. गळ्यापर्यंत कापड, डोक्यावर काळपट लगदा, आरशात बघत बसलेले. आणि दार ढकलून मामा आत आले. पूर्वी मी त्यांच्या वेळा कधी एकमेकींना शिवू दिल्या नसत्या. पण आता सगळा कलर गुरुवारवर आणून ठेवला होता मीच, आणि मामा काही कलरचं गिऱ्हाईक राहिले नव्हते, त्यांची वेळ कोण सांभाळणार?

मामांनी आत येताच खिशातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. खुर्चीकडे बघितलंही नाही. "तू लाव, नायतर मी घरी जाऊन लावतो. एक दिस टिकलं म्हंजे झालं. सोमवारी मेलो तरी चालंल."

आणि मग त्यांना आरशात शेठ दिसले.

दोन व्याही आरशातून एकमेकांकडे बघतायत, एकाच्या डोक्यावर चिखल, दुसऱ्याच्या हातात पाकीट. शेठ खाकरले. म्हणाले, "दाढीला आलो होतो."

दुसरी कुठली वेळ असती तर मी हसून लोळलो असतो. पण "मेलो तरी चालंल" ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मी ते पाकीट हिसकावलं, फाडलं, मोरीत ओतलं आणि नळ सोडला. ओरडलो, "मरायचंय तर माझ्या वाटीतून मरू नका! मागच्या वेळी डोळे सुजले, या वेळी गळा सुजेल. डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलंय ना? पोरीचं कन्यादान कोण करणार, तुमची टोपी?"

माझ्या तोंडून निघून गेलं आणि मग कळलं की काय बोललो.

शेठ खुर्चीत वळले. "डोळे सुजले म्हणजे? ती गांधीलमाशी...?"

मामा बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अर्धे पांढरे, अर्धे काळे केस, कपाळावर अजून खपलीचे डाग. "माशी नव्हती शेठ," म्हणाले. "कलर होता. तुमच्यासारकाच. इतकी वर्षं लावतोय मी. पण त्या दिवशी तुम्ही दारात, आनि माजं त्वांड असलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही बोलला असता, बापाला कातडीचा रोग हाय, पोरीलाबी असंल. ह्याच्या बोटांना खाज आली बोल्ला, तर लोकं दाढी टाकून पळाली. माजी तर पोर हाय."

शेठचं पोट कापडाखाली हलायला लागलं. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "माझा मेहुणा," म्हणाले, "माझा मेहुणा आठ दिवस एका कुशीवर झोपत होता हो!" मामाही हसले, डोळे पुसत पुसत. मग शेठ एकदम गंभीर झाले आणि मला म्हणाले, "धुऊन टाक."

"अहो, अजून अर्धासुद्धा वेळ झाला नाही. आत्ता धुतलं तर धड काळा नाही, धड पांढरा नाही. मुंगसासारखा दिसेल."

"दिसू दे. हे पांढरे उभे राहणार आणि मी त्यांच्या शेजारी काळा कुळकुळीत? लोक काय म्हणतील, मुलाचा बाप मिरवतोय. धू म्हटलं ना."

माझं मन तयार होईना. माल चांगला लावला होता, नुसता वाया! पण शेठ स्वतःच उठून बेसिनवर वाकले. मामा तांब्या घेऊन पाणी घालायला धावले. "हात लावू नका!" मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. "तुम्ही लांब बसा! तुम्हाला नुसता लगदा लागला तरी नको." मग शेठचं डोकं मी धुतलं आणि मामांचं बारीक कापलं. काळी टोकं सगळी खाली पडली. आरशात दोघे शेजारी शेजारी, एक पांढरा आणि एक खरंच मुंगूस. दोघांनी स्वतःकडे न बघता एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा हसायला लागले. पैसे द्यायला दोघेही विसरले, आणि मला मागायचं सुचलं नाही.

रविवारी आम्ही दोघं नवराबायको पोलादपूरला लग्नाला गेलो. मांडव माझ्या गिऱ्हाइकांनी भरला होता. जिकडे बघावं तिकडे माझ्या हातचे काळे केस, सौम्य असले तरी काळेच. शेठच्या केसांकडे लोक बघत होते, आणि शेठ सांगत होते, "नवीन फॅशन आहे, मुंबईत चालते." मामा सगळ्यांत मिसळून पंगतीत वाढत होते. टोपी नव्हती.

पाठवणीच्या वेळी गर्दी झाली. गाडीपाशी बायका, पोरं, फोटो काढणारे, कुणाला कुणाचा पत्ता लागेना. पोरगी बावरून इकडेतिकडे बघत होती. आई शेजारी होती, तिला बाप हवा होता. सगळ्या काळ्या डोक्यांत तिला लांब, आचाऱ्यांच्या बाजूला, एकच पांढरं डोकं दिसलं. ती शालू गोळा करून सरळ तिकडे पळाली, वाटेत कुणाला विचारलं नाही. मामांनी तिला धरलं. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि रडत होती. मीही रडलो. बायकोने रुमाल दिला आणि म्हणाली, "पुसा, माणसं बघतायत." मी म्हटलं, "बघू देत."